लीड विकत घ्यायचे की एकच भाग धरून बसायचं? नवीन प्रॉपर्टी एजंटसाठी, दोन्ही करून बघितलेल्याकडून

प्रॉपर्टीच्या कामात नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यातच त्याला सांगतात, ओळखीच्या १०० लोकांची यादी काढ आणि फोन लावायला घे. विम्यातही हेच सांगतात. मी यादी काढायला बसलो होतो, ४० नावांपर्यंत आलो आणि थांबलो, कारण त्यातल्या जवळपास कुणालाच घर घ्यायचं नव्हतं की विकायचं नव्हतं, आणि फोन लावले असते तर पुढच्या वेळी माझं नाव स्क्रीनवर बघून लोकांनी उचललाच नसता. त्यामुळे सगळ्यांना एकदाच मेसेज टाकला की मी हे काम सुरू केलंय, आणि नंतर स्वतःहून कधी तो विषय काढला नाही.

मग उरतात मुख्य दोन रस्ते. एक म्हणजे पोर्टलकडून लीड विकत घेणं, दुसरा म्हणजे तीन-चारशे घरांचा एक भाग निवडायचा आणि महिनोन्महिने फक्त त्याच भागात काम करायचं. पहिला मी सात महिने मनापासून केला, दुसऱ्याला आता चौथं वर्ष चालू आहे. लीड म्हणजे काय वगैरे तुम्हाला माहीत असणार, ते सोडून देतो.

लीडबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. पहिल्या दिवसापासून बोलायला माणसं मिळतात. नवीन एजंटला लोकांशी फोनवर कसं बोलायचं, बजेट कसं विचारायचं, हा माणूस तीन महिन्यांत घेणार आहे की नुसता बघतोय हे कसं ओळखायचं, याचा सराव फार लवकर होतो. मला त्या सात महिन्यांत दोन सौदे मिळाले, पहिला तर तिसऱ्याच महिन्यात. हातात बेताची शिल्लक असेल तर याला नाही म्हणणं अवघड आहे आणि मी म्हणणारही नाही.

पण एक गोष्ट मला शेवटपर्यंत सहन झाली नाही. विकत घेतलेला लीड बऱ्याचदा फक्त तुम्हाला दिलेला नसतो, तोच नंबर आणखी तीन-चार एजंटांकडे गेलेला असतो. त्यामुळे सगळा खेळ कोण आधी फोन करतो यावर येतो, सगळे सांगतात पाच मिनिटांच्या आत फोन गेला पाहिजे, आणि ते बरोबरच आहे. एका संध्याकाळी मी एका जोडप्याला घर दाखवत होतो, सव्वासातला लीड आला, त्या दोघांना मध्येच सोडून फोन लावणं मला बरं वाटलं नाही म्हणून आठला लावला. पलीकडून उत्तर आलं, "तुम्ही पाचवे आहात, मी फक्त किंमत बघायला फॉर्म भरला होता, प्लीज आता कुणी फोन करू नका." त्या माणसाची काहीच चूक नव्हती. मी नातेवाइकांना त्रास नको म्हणून हा रस्ता धरला होता, आणि इथे रोज अनोळखी माणसांना तोच त्रास देत होतो, वर त्याचे पैसेही भरत होतो. आणि जे समोर उभे आहेत त्यांच्याकडे नीट लक्ष द्यायचं की खिशातल्या फोनकडे, हे ओढाताणीचं जगणं मला पटेना.

दुसरं कारण हळूहळू लक्षात आलं. माझ्याकडे आलेले लीड बहुतेक खरेदीदारांचे होते. खरेदीदाराला तुम्ही दहा-बारा घरं दाखवता, तो एक घेतो आणि विषय संपतो, पुढच्या महिन्यात मीटर परत शून्यावर. विकणारा मालक मिळाला की गोष्ट वेगळी होते, त्याच्या घरावर तुमची पाटी लागते, ती बघून खरेदीदारांचे फोन येतात आणि ते फोन फक्त तुम्हालाच येतात. शिवाय शेजारी बघत असतात, आणि पुढचा विकणारा बऱ्याचदा त्या शेजाऱ्यांतूनच निघतो.

आता भाग धरून बसण्याबद्दल. इथे सगळ्यात महत्त्वाचं काम सुरुवातीलाच असतं, भाग निवडणं, आणि बरेच जण ते मनाला येईल तसं करतात. मी तीन भाग कागदावर मांडले. प्रत्येकात एकूण घरं किती आणि गेल्या १२ महिन्यांत विकली गेली किती, एवढंच बघायचं. हे आकडे नोंदणीच्या रेकॉर्डमधून, जुन्या जाहिरातींवरून आणि त्या भागात चार वेळा पायी फिरून जमतात. पहिल्या भागात ५०० घरं होती आणि विक्री १२, म्हणजे २.४ टक्के. दिसायला सगळ्यात छान भाग तोच, पण लोक तिथून हलतच नाहीत. दुसऱ्यात ३४० घरं आणि २१ विक्री, म्हणजे साधारण ६.२ टक्के. तिसऱ्यात टक्का आणखी जास्त होता, पण निम्म्याहून जास्त पाट्या एकाच एजंटच्या होत्या, आणि तो चांगलं काम करणारा माणूस होता, त्याच्या दारात जाऊन बसण्यात अर्थ नव्हता. मी दुसरा घेतला. तिथे २१ पैकी कुणाकडेही चारपेक्षा जास्त विक्री नव्हत्या. हिशोब साधा होता, पाचवा हिस्सा मिळाला तरी वर्षाला चार मालक. पहिल्या भागात तेवढाच हिस्सा मिळवला असता तर जेमतेम दोन, आणि दर महिन्याचा माहितीचा कागद मात्र ५०० घरांत वाटायचा.

माझ्या मते टक्का पाचच्या खाली असेल तर नवीन माणसाने तो भाग सोडून द्यावा. आणि घरं ४०० च्या वर घेऊ नयेत, कारण मग दर महिन्याला सगळीकडे पोचणं होत नाही आणि सुरुवातीला एखादा महिना चुकला की लोक विसरतात.

दर महिन्याला मी एक पानाचा कागद द्यायचो. त्यात स्वतःची स्तुती नाही, फोटोसुद्धा छोटा. आपल्या भागात गेल्या महिन्यात काय विकायला आलं, काय विकलं गेलं, किती दिवस लागले, आणि जिथे कळलं तिथे मागितलेली किंमत आणि ठरलेली किंमत यात किती टक्के फरक पडला, बस. घर विकायचं नसलं तरी शेजारचं घर किती दिवसांत गेलं हे प्रत्येकाला जाणून घ्यायचं असतं. जोडीला, आमच्या ऑफिसमधल्या एका सीनियर एजंटकडे त्या भागातलं एक घर विकायला होतं, त्यांना विचारून ते घर लोकांना दाखवायला खुलं ठेवायच्या दिवशी मी बसायला लागलो. वेळ जाहीर व्हायची ती दुपारी चारची, आजूबाजूच्या २० घरांना मी स्वतः जाऊन सांगायचो की तुम्ही तीनला या, गर्दीच्या आधी निवांत बघा. कुणाला काही विकायचं नाही, काही मागायचं नाही, त्यामुळे दारावर उभं राहताना जीव घाबरा होत नाही. आलेले शेजारी स्वतःच विचारतात, आमच्या घराचं काय होईल हो?

पाच महिने यातून काहीही मिळालं नाही. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगतोय, कारण नेमकं याच काळात लोक भाग बदलतात आणि मग दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून पाच महिने. चाललंय की नाही हे विक्रीवरून एवढ्या लवकर कळत नाही, ते येणाऱ्या प्रश्नांवरून कळतं. सहाव्या महिन्यात एका काकूंचा फोन आला, कोपऱ्यावरचं घर कितीला गेलं म्हणून, मग आठवड्याभरात आणखी दोन फोन. आठव्या महिन्यात पहिलं घर मला विकायला मिळालं. आठ महिने होऊनही असा एकही प्रश्न येत नसेल तर भाग चुकला किंवा कागद चुकला असं समजायला हरकत नाही.

त्या पहिल्याच घरात मी एक चूक केली, ती या रस्त्याचा खरा धोका दाखवते. मालकांना शेजारच्या विक्रीपेक्षा १२ टक्के जास्त हवे होते आणि घर हातचं जाऊ नये म्हणून मी हो म्हटलं. चार महिने पाटी तशीच लटकत राहिली. लीडच्या धंद्यात अशी चूक कुणाला दिसत नाही, पण इथे ३४० घरांतले लोक रोज येता-जाता माझं नाव न विकलेल्या घरावर बघत होते. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत मालकांशी ठरवून घेतो की तीन आठवड्यांनी बसून किंमत पुन्हा बघायची. लोक बघायला येतात पण ऑफर देत नाहीत, तर किंमत थोडी वर आहे. कुणी बघायलाच येत नाही, तर बरीच वर आहे. हे आधी ठरलेलं असलं की नंतर वाद होत नाही, आणि जे मालक याला तयारच होत नाहीत त्यांचं घर मी आता नम्रपणे नाकारतो.

पहिल्या वर्षात या भागातून दोन घरं झाली, दुसऱ्या वर्षात पाच. लीडमधून सात महिन्यांत दोन मिळाली होती, म्हणजे नुसता पहिल्या वर्षाचा आकडा बघितला तर लीड पुढे आहे, हे कबूल करायला हवं. फरक असा की लीडचे पैसे थांबवले त्या आठवड्यात फोन थांबले, आणि भागातला कागद मी आजारपणामुळे दोन महिने देऊ शकलो नाही तरी तीन जणांनी विचारलं की या वेळी आला नाही का.

विम्यावाल्यांसाठी थोडंसं, माझी बहीण त्यात आहे म्हणून जवळून बघितलंय. तिथे भाग म्हणजे भूगोल कमी आणि व्यवसाय जास्त, तिने स्वतःचे ट्रक चालवणारे मालक धरलेत. ती पहिल्या भेटीत विकत नाही, फक्त चालू पॉलिसी कधी संपते ती तारीख विचारते आणि महिनाभर आधी फोन केला तर चालेल का एवढं विचारून ठेवते. पुढे तो फोन गेला की समोरच्याला राग येत नाही, कारण त्यानेच हो म्हटलेलं असतं.

तुमच्याकडे वर्षभराचा घरखर्च बाजूला असेल तर मी तरी थेट भागापासूनच सुरुवात करा म्हणेन. नसेल तर पहिले सहा-आठ महिने लीड घ्या, शक्य असेल तर कमी घ्या पण फक्त तुम्हालाच दिले जातात असे घ्या, फोन करायला नको म्हणणाऱ्यांच्या यादीत तो नंबर नाही ना हे तपासा, आणि महिन्यातले चार दिवस मात्र पहिल्या महिन्यापासूनच भागासाठी राखून ठेवा. मी हे दोन्ही एकामागून एक केलं, एकत्र केलं असतं तर माझे ते रिकामे पाच महिने लीडच्या दिवसांतच निघून गेले असते.