थायरॉइडची गोळी, सॉफ्टजेल आणि द्रव औषध: सव्वा वर्षाचा अनुभव

रंग तोच होता, म्हणून गोळीची कंपनी बदलल्याचं मला चार महिने कळलंच नाही.

अमेरिकेत लेव्होथायरॉक्सिन या थायरॉइडच्या औषधाच्या गोळ्यांचा रंग डोसवर ठरतो. ७५ मायक्रोग्राम जांभळी, १०० पिवळी, मग बनवणारा कोणीही असो. सप्टेंबरच्या रिफिलमध्ये न्यू जर्सीतल्या माझ्या फार्मसीने वेगळ्या कंपनीची ७५ ची गोळी दिली. गोल होती ती लांबट झाली, बाकी काही नाही, आणि सांगितलं तर कोणीच नाही. थायरॉइडचं औषध कमी पडलं की रक्तात वाढणारा टीएसएच जानेवारीत ७.८ आला. त्याआधी तीन वर्षं तो २ च्या आसपास होता.

मी तडक काउंटरवर गेले. "दोन्ही औषधं समतुल्य आहेत," एवढंच उत्तर मिळालं. पुण्यात मावशीचा दुकानदारही तेच म्हणतो, "कंटेंट तोच, फक्त कंपनी वेगळी." पण एफडीए या अमेरिकेतल्या औषध नियामक संस्थेच्या २००७ च्या नियमानुसार गोळीतलं औषध लेबलवरच्या आकड्याच्या ९५ ते १०५ टक्के असलं तरी चालतं. म्हणजे ७५ ची गोळी एकीकडे ७१ च्या जवळ असू शकते, दुसरीकडे ७९ च्या. शिवाय गोळी बांधायला वापरलेले घटक वेगळे, त्यामुळे विरघळणंही थोडं वेगळं होऊ शकतं. माझा सगळा राग त्या लांबट गोळीवर होता.

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "मधल्या काळात आणखी काय सुरू केलंत?" नोव्हेंबरपासून ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल चालू होतं. गोळी नीट विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि तेच मी कमी करत होते. त्यांनी हेही सांगितलं, की २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात एका जेनेरिकवरून दुसऱ्यावर गेलेल्या लोकांच्या टीएसएचमध्ये फारसा फरक दिसला नव्हता. इथे माझं मत बदललं. दोष बहुधा गोळीचा नव्हता. पण बहुधाच, कारण दोन गोष्टी बदलल्या आणि मध्ये तपासणी झालीच नाही. गोळी बदलल्यावर सहा आठवड्यांनी, म्हणजे ओमेप्राझोल सुरू करण्याआधी, एक टीएसएच केला असता तर खात्रीने कळलं असतं. आता ते कधीच कळणार नाही, आणि याची मला अजून हळहळ वाटते.

ओमेप्राझोल थांबवणं शक्य नव्हतं, म्हणून डोस ८८ केला. मार्चअखेर टीएसएच ३.१ आला. पुढे विम्याशी दोन महिने पत्रव्यवहार करून सॉफ्टजेल मंजूर करून घेतली. टिरोसिंट नावाच्या या कॅप्सूलमध्ये औषधाशिवाय फक्त जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी असतं. औषध आधीच विरघळलेलं असल्यामुळे पोटातल्या आम्लावर ते फारसं अवलंबून राहत नाही. मला ती मनापासून आवडली. पण आम्ही ८८ चीच सॉफ्टजेल घेतली. गोळीचा डोस वाढवला होता तो कमी शोषलं जात होतं म्हणून, आणि आता शोषण सुधारलं होतं. चौथ्या आठवड्यात रात्री छातीत धडधड सुरू झाली, झोप उडाली. सहाव्या आठवड्यात टीएसएच ०.२. पुन्हा ७५ वर आले, आणखी सहा आठवड्यांनी १.९ आला.

सहा आठवडेच का? या औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं निम्मं औषध संपायला लागणारा वेळ, साधारण सात दिवसांचं आहे, त्यामुळे रक्तातली पातळी स्थिर व्हायलाच पाचेक आठवडे लागतात आणि टीएसएच त्याच्याही मागून सरकतो. पंधरा दिवसांत केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवते. माझी शेजारीण अशाच घाईच्या रिपोर्टवर डोस बदलून घेऊन महिनाभर थकव्यात होती.

विम्याने मध्येच नकार दिला तेव्हा दोन महिने द्रव औषध घेतलं. एकेका डोसची छोटी प्लास्टिकची कुपी असते, ती थेट तोंडात किंवा पाण्यात पिळायची. गिळायचा त्रास असणाऱ्यांसाठी उत्तम. टीएसएच १.८ आला, म्हणजे माझ्यासाठी सॉफ्टजेलइतकंच. पण महिन्याचा खर्च डोळ्यांत पाणी आणणारा होता आणि पुण्याला जाताना तीस कुप्या सांभाळणं नकोसं झालं. विमा पुन्हा मिळताच सॉफ्टजेलवर परतले, तेव्हाही सहा आठवड्यांनी तपासणी केली. २.०.

ज्यांना साध्या गोळीवर वर्षानुवर्षं नीट चाललंय त्यांनी सॉफ्टजेलवर पैसे घालू नयेत असं मला वाटतं. आम्ल कमी करणारं औषध चालू असेल किंवा पोटाचा आजार असेल तरच डॉक्टरांशी बोला. मी आता रिफिल घेताना काउंटरवरच लेबलवरचं कंपनीचं नाव वाचते. वेगळं दिसलं की तिथेच फोनमध्ये सहा आठवड्यांनंतरची तारीख टाकते, आणि तोवर दुसरं कुठलंही नवीन औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करत नाही.