लायसनवर २० वर्षांची मुदत पाहूनही मला शंका आली नाही

साडेसहा हजार रुपये. अडीच हजार आगाऊ, चार हजार कार्ड हातात पडल्यावर, दोन्ही वेळा यूपीआयने. शिकल्यासवरल्या माणसाने हे लिहायचं म्हणजे लाज वाटते, पण लिहितो.

माझं लायसन २००३ मधलं, मुदत १४ मार्च २०२३ ला संपलेली, आणि वर कार्डही हरवलेलं. लक्षात आलं ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे सतरा महिन्यांनी. आरटीओबाहेरचा एजंट म्हणाला, "डुप्लिकेट आणि रिन्यू एकत्रच टाकू साहेब, ट्रॅकवर यायची गरज नाही." इथेच उठायला हवं होतं. मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तर चाचणी नाही, वर्ष उलटलं की चाचणी द्यावीच लागते. पूर्वी ही सवलत पाच वर्षांची होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती एका वर्षावर आली. माझ्या डोक्यात जुनाच नियम होता, आणि एजंटला ते बरोबर कळलं. डुप्लिकेट म्हणाल तर ते फक्त हरवलेल्या कार्डाची नक्कल असतं, मुदत जुनीच राहते.

त्याने ओटीपी मागितला नाही. अर्ज क्रमांकाचा एसएमएस आला नाही. चाळिशीनंतर लागणारा डॉक्टरचा फॉर्म १-अ कुणी विचारला नाही. खरं कार्ड स्पीड पोस्टाने घरी येतं. हे चहाच्या टपरीवर पाकिटातून मिळालं. मी मात्र "काम झालं" म्हणून खूश!

आणि कार्डावर मुदत २०४४ पर्यंत. सत्तेचाळिसाव्या वर्षी रिन्यू केलेल्या खासगी वाहनाच्या लायसनला दहाच वर्षं मिळतात. पण २००३ मध्ये मला वीसच मिळाली होती, म्हणून तो आकडा ओळखीचा वाटला. महिनाभराने sarathi.parivahan.gov.in वर क्रमांक टाकला तर तिथे अजूनही १४ मार्च २०२३. कार्ड हातात आलं की पैसे देण्याआधी एवढं एक करा, दोन मिनिटं लागतात.

तक्रारीला गेलो. आरटीओच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "आमचा एजंटांशी संबंध नाही." मग तो रोज तुमच्याच फाटकाशी टेबल टाकून कसा बसतो? पोलीस म्हणाले, चाचणी चुकवायला पैसे तुम्हीच दिलेत ना! सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० वर फोन केला तर महिना उलटून गेलेला. त्या क्रमांकावर जितक्या लवकर बोलाल तितकी पैसे अडण्याची आशा जास्त. माझ्या आधारची प्रत अजून त्याच्याकडेच आहे, त्याबद्दल कुणालाच काही वाटलं नाही.

सरळ रस्ता महाग तरी होता का? एका वाहनप्रकाराच्या चाचणीचे ३००, उशिरा रिन्यू करण्याचे ३००, आणि उशिराच्या प्रत्येक वर्षाला १,०००. स्कूटर आणि कार दोन्ही धरूनही साडेसहा हजारांच्या जवळपास जात नाही. मुदत संपलेल्या लायसनवर गाडी चालवताना पकडला गेलो असतो तर दंड ५,००० चा. आणि त्या महिनाभरात मी तसाच गाडी चालवत होतो.