छोट्या शीतगृहासाठी कर्ज मागताना: हंगामी साठवण की रोजचं क्रेट-भाडं?

शंभर टनांचं शीतगृह बांधायचं ठरलं, जागा आहे, वीज जोडणी मिळणार आहे. आता बँकेला द्यायचा प्रकल्प सारांश लिहायचा आहे. अशा सारांशात बहुतेकदा एक वाक्य हमखास असतं: ‘परिसरातील शेतकऱ्यांचा सर्व प्रकारचा माल हंगामात तसेच वर्षभर साठवला जाईल.’ माझ्या मते अर्ज कच्चा ठरायला हे एकच वाक्य पुरेसं आहे. हंगामी साठवण आणि रोजचं क्रेट-भाडं हे दोन वेगळे धंदे आहेत. त्यांची यंत्रं वेगळी, पैसा येण्याची वेळ वेगळी, म्हणून कर्जफेडही वेगळी.

हंगामी साठवणीत बटाट्यासारखं एकच पीक काढणीच्या तीन-चार आठवड्यांत आत येतं आणि पुढे काही महिने राहतं. भाडं पोत्यामागे, संपूर्ण हंगामाचं. क्रेट-भाड्यात भाजी, फळं दोन-चार दिवस थांबतात. शेतकऱ्याला बाजाराचा एखादा पडलेला दिवस टाळायचा असतो किंवा व्यापाऱ्याची गाडी भरेल एवढा माल जमू द्यायचा असतो. भाडं क्रेटमागे, दिवसाचं.

पहिला फरक कॉम्प्रेसरमध्ये दिसतो. शेतातून आलेला माल गरम असतो आणि ती उष्णता काढणं हे यंत्राचं सर्वांत जड काम. एक टन माल ३० अंशांवरून १२ अंशांवर आणायचा तर सुमारे १९ किलोवॅट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. (ही उष्णता झाली, वीज त्याहून बरीच कमी लागते.) हंगामी साठवणीत रोज क्षमतेच्या ४-५ टक्केच माल आत घ्यायचा असा शिरस्ता असतो, म्हणजे शंभर टनांत रोज पाच टन. तेवढीच तापमानघट धरली तर रोजची ९५ किलोवॅट-तास उष्णता होते, आणि बटाटा तर त्यानंतर हळूहळू, कित्येक दिवसांत थंड केला जातो. क्रेटच्या धंद्यात रोज वीस टन नवा माल आला तर तीच उष्णता ३८० होते, शिवाय दार दिवसभर उघडझाप करतं. पहिल्या धंद्यासाठी घेतलेलं यंत्र दुसऱ्यात कमी पडतं. खोलीचा काटा संध्याकाळी वर चढलेला राहतो आणि क्रेटच्या मधला माल रात्रभर कोमटच असतो. बँकेचा तांत्रिक तपासनीस यंत्राची क्षमता आणि रोजची आवक शेजारी-शेजारी ठेवतो तेव्हा आपण नक्की कोणता धंदा करणार आहोत हे त्याला लगेच कळतं.

क्रेटच्या धंद्यात एक खोलीही पुरत नाही. टोमॅटो १० अंशांच्या खाली फार दिवस ठेवला तर त्याला थंडीची इजा होते, नीट पिकत नाही. पालेभाजीला मात्र शून्याच्या जवळचं तापमान हवं. पिकणारी केळी, सफरचंद इथिलीन वायू सोडतात आणि शेजारची पालेभाजी पिवळी पडते. म्हणजे किमान दोन कक्ष, वेगळ्या तापमानाचे.

आता आकडे. हंगामी शीतगृहाचा प्रकल्प खर्च १०० धरू. बाकी सगळे आकडे त्याच मापात. कर्ज ७० टक्के, व्याज १० टक्के, पहिलं वर्ष मुद्दलाची सवलत, मग सात वर्षांत फेड. क्रेटवाल्या शीतगृहाला मोठं यंत्र आणि दुसरा कक्ष लागतो, म्हणून त्याचा खर्च ११० धरला. भाडं आणि खर्चाचे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या भागातले घालून हीच मांडणी करावी.

| | हंगामी साठवण | क्रेट-भाडं |
|---|---|---|
| कर्ज | ७० | ७७ |
| फेडीच्या पहिल्या वर्षी मुद्दल + व्याज | १७ | १८.७ |
| पूर्ण भरल्यास वार्षिक भाडं | ४० | ७० |
| न बदलणारा खर्च | १२ | १६ |
| भरावासोबत वाढणारा खर्च, पूर्ण भरल्यास | नगण्य | १५ |

बँक पाहते ते फेडक्षमतेचं गुणोत्तर, डीएससीआर: खर्च जाऊन हाती उरलेली रक्कम भागिले त्या वर्षी द्यायचं मुद्दल आणि व्याज. अवघड वर्षातही ते १.२ च्या खाली जाऊ नये असं धरून चालू.

हंगामी शीतगृह ९० टक्के भरलं तर भाडं ३६, खर्च १२, उरले २४, गुणोत्तर १.४. सत्तर टक्केच भरलं तर उरतात १६ आणि गुणोत्तर ०.९४, म्हणजे हप्ता खिशातून. खोली अर्धी रिकामी असली तरी भिंती-छतातून उष्णता येतच राहते, त्यामुळे विजेचं बिल त्या प्रमाणात उतरत नाही. १.२ गाठायला इथे ८१ टक्के भराव लागतो.

क्रेट-भाड्यात तोच आकडा ७० टक्क्यांवर गाठतो, आणि म्हणून कागदावर हा धंदा सोपा वाटतो. पण हे ७० टक्के वर्षाच्या सरासरीचे आहेत. तीन महिने आवक नसल्याने ३० टक्केच भराव राहिला तर उरलेले नऊ महिने सुमारे ८३ टक्के भरलेलं हवं. पहिल्या वर्षी, शेतकऱ्यांना सवय लागेपर्यंत, ४० टक्के भराव धरला तर भाडं २८, खर्च २२, उरले ६. त्या वर्षाचं नुसतं व्याजच ७.७ आहे. ही १.७ ची तूट कुठून भरणार हे सारांशात लिहिलेलं नसेल तर वाचणारा अधिकारी ती स्वतः शोधून काढेल.

हंगामी धंद्यातली अडचण पैशाच्या वेळेची आहे. शेतकरी भाडं बहुधा माल उचलताना देतो, वीजबिल मात्र दर महिन्याला येतं. सहा महिन्यांचा चालू खर्च म्हणजे ६, तेवढं खेळतं भांडवल वेगळं मागावं, आणि मासिक हप्त्याऐवजी माल उठल्यानंतरचा सहामाही किंवा वार्षिक हप्ता मागावा. पैसा यायच्या आधीच हप्ते सुरू झाले, तर नफ्यातलं शीतगृहही पहिल्याच हंगामात थकबाकीत जातं. क्रेटवाल्याला मासिक हप्ता चालतो, कारण त्याची वसुली रोजची असते.

हंगामी साठवणीतला मोठा धोका वेगळाच आहे. बाजारभाव इतका पडतो की मालाची किंमत थकलेल्या भाड्याएवढीही उरत नाही, आणि शेतकरी माल उचलायला येत नाही. तेव्हा भाडंही बुडतं आणि खोली रिकामी करण्याचा खर्चही आपलाच. त्यामुळे माल आत येतानाच भाड्याचा एक भाग आगाऊ घेण्याची आणि ठरलेल्या तारखेनंतर माल विकण्याच्या अधिकाराची अट भाडेकरारात हवी, आणि तो नमुना अर्जाला जोडावा.

परिसरात टिकाऊ आणि एकदम काढणीला येणारं पीक असेल, त्याची हंगामाअखेरची भाववाढ बहुतेक वर्षी साठवणीचं भाडं भागवत असेल, तर पहिल्या कर्जासाठी मी हंगामी साठवणच निवडेन. पूर्ण भरल्यावर त्यात कमाई कमी आहे, पण सांभाळायला माणसं कमी लागतात आणि चुकण्याच्या जागाही कमी आहेत. तसं पीक नसेल आणि बाराही महिने भाजी निघत असेल तर क्रेट-भाडं घ्यावं, पण त्या आधी रोज माल ठेवणारे दोन-तीन खरेदीदार किंवा शेतकरी गट लेखी बांधून घ्यावेत. सत्तर टक्क्यांपैकी निम्मा भराव तरी अशा करारांतून आलेला दाखवता आला पाहिजे. उरलेला निम्मा सुट्या शेतकऱ्यांकडून येईल असं म्हणता येतं.

सारांशाच्या पहिल्या पानावर धंदा कोणता, रोजची आवक किती टन, त्यासाठी यंत्र किती क्षमतेचं, किती भरावाला हप्ता निघतो आणि तो भराव कोणाच्या मालाने होणार, एवढं सलग चार-पाच वाक्यांत यावं. क्षमता लिहिताना माल काढायच्या वाटा सोडून जी उरते ती लिहावी. क्रेटच्या धंद्यात कोणत्याही शेतकऱ्याचा माल कधीही बाहेर काढावा लागतो, त्यामुळे या वाटा बरीच जागा खातात.