मधल्या पदार्थाचं शिखर: सूत्र की आलेख?

राजारामपुरीत राहणारी माझी भाची एमएस्सीला आहे. A → B → C या सलग रासायनिक अभिक्रियेत मधला पदार्थ B कमाल कधी होतो, हे सूत्राने काढू की आलेखावरून, असं तिने विचारलं.

पहिल्या पायरीचा वेगस्थिरांक k₁ = 0.10 आणि दुसरीचा k₂ = 0.05 प्रति मिनिट घेऊ, सुरुवातीला फक्त A.

मेहनत सूत्रात कमी: t = ln(k₁/k₂)/(k₁−k₂) = 13.9 मिनिटं. तेव्हा B सुरुवातीच्या A च्या 50% असतो. k₁ = k₂ असेल तर सूत्र 0/0 देतं, तिथे t = 1/k घ्यायचं.

अचूकतेत आलेख फसवतो, कारण शिखर फार सपाट असतं. 12 व्या आणि 16 व्या मिनिटालाही B जवळपास 49.5% असतो. मोजमापात 1% चूक झाली, की वेळ दोन मिनिटं सरकलीच!

पण सूत्रालाही एक गोष्ट कळत नाही. k₁, k₂ ची अदलाबदल केली तरी वेळ 13.9 च येते, B मात्र 25% वरच थांबतो. हा फरक आलेखच दाखवतो.

k माहीत असतील आणि नेमकी वेळ हवी असेल तर सूत्र वापर. B गोळा करायला अभिक्रिया थांबवायची असेल तर आलेख पुरेसा आहे, दोन मिनिटं इकडेतिकडे चालतात.