निल की एक? स्पेड्समध्ये हलका हात आला की काय बोलावं

चवथीचा दुसरा दिवस, बाहेर फोंड्याचा पाऊस, आत माटोळीखालची समई मंद झालेली आणि पुढच्या खोलीत चटईवर आम्ही चौघं. माझी भिडू वहिनी समोर, डावीकडे आतेभाऊ, उजवीकडे काका. पत्ते मी वाटले होते, म्हणून बोली माझी शेवटची. आतेभाऊ चार बोलला, वहिनी चार, काका तीन. माझ्या हातात हे होतं: इस्पिकची छक्की आणि तिर्री, बदामची राणी, पंजी, दुर्री, चौकटची नव्वी, सत्ती, चव्वी, तिर्री आणि किलवरची अठ्ठी, छक्की, चव्वी, दुर्री.

अशा पानांवर दोनच बोली सुचतात, एक किंवा निल. ‘एक’ सुरक्षित वाटतो आणि ‘निल’ धाडसी. बहुतेक जण तेवढ्यावरच ठरवून मोकळे होतात. खरं उत्तर मात्र पानांत जितकं असतं तितकंच गुणांच्या वहीतही असतं.

आपल्याकडे बरेच जण मोबाईलवरच्या कॉलब्रेकवरून स्पेड्सकडे येतात, म्हणून आधी दोन्हींतला फरक सांगतो. इस्पिक कायमचं हुकूम हे दोन्हीकडे सारखं. पण कॉलब्रेकमध्ये प्रत्येक जण स्वतःपुरता खेळतो आणि बोलीपेक्षा जास्त केलेला हात थोडा का होईना, फायद्याचाच असतो. स्पेड्समध्ये समोरासमोर बसलेल्या दोघांची बोली एकत्र धरतात. बोलीतल्या प्रत्येक हाताला १० गुण. बोली एका हातानेही हुकली तर तितकेच वजा. बोलीच्या वरचा हात म्हणजे बॅग. तिचा लगेच १ गुण मिळतो, पण दहा बॅगा साठल्या की १०० गुण कापले जातात. निल म्हणजे ‘मी एकही हात करणार नाही’ ही बोली. जमली तर १०० मिळतात, एक जरी हात गळ्यात पडला तरी १०० जातात. भिडूच्या बोलीचा हिशेब वेगळा चालतो. डाव साधारण ५०० ला संपतो.

वहीत एक सोय आपोआप होते. बोलीचे गुण दहाच्या पटीत, निलचे शंभराच्या पटीत, त्यामुळे एकूण गुणांच्या शेवटच्या अंकात बॅगांची संख्या दिसते. ३३८ म्हणजे आठ बॅगा. (गुण शून्याखाली गेले की ही खूण चालत नाही, तेव्हा बॅगा बाजूला लिहाव्या लागतात.)

बॅगेची खरी किंमत काढायला सोपी आहे. दहा बॅगांचे १० गुण आले आणि १०० गेले, म्हणजे ९० चा तोटा, एका बॅगेमागे ९. ही किंमत वाटते तितकी मोठी नाही. भिडू चार बोलला आहे आणि तुमच्याकडे तीन हात पक्के, चौथा शंकेचा आहे असं समजा. जोडीची बोली आठ केली तर मिळतील ८० किंवा जातील ८०. सात केली तर ७०, आणि चौथा हात आलाच तर वर एक बॅग. गणित मांडून पाहिलं तर चौथा हात दहातून नऊ वेळा येईल अशी खात्री असेल तेव्हाच आठची बोली परवडते. बॅगेला घाबरून बोली ताणणाऱ्या खेळाडूचं नुकसान बॅगा गोळा करणाऱ्यापेक्षा जास्त होतं, हे मी आमच्या घरात वर्षानुवर्षं पाहतोय.

पण ९ ही सरासरी झाली. डाव संपायला एकच हात-वाटप उरलं असेल आणि तुमच्या दोनच बॅगा असतील तर नवी बॅग फुकट आहे, उलट १ गुण देऊन जाते. आठ बॅगा असताना मात्र पहिली बॅग फुकट आणि दुसरी शंभराची.

निलचंही तसंच. कोरा हिशेब केला तर एकचे १० गुण सोडून निल बोलायला शंभरातून पंचावन्न वेळा यश मिळालं तरी पुरतं. भिडूला तुम्हाला झाकताना, म्हणजे तुमच्या गळ्यात पडणारा हात स्वतःकडे ओढताना, आपली मोठी पानं अवेळी खर्चावी लागतात, कधी त्याची स्वतःची बोली हुकते, म्हणून मी साठच्या पुढची खात्री धरतो. पानांत ती खात्री कशी ओळखायची? इस्पिकमध्ये एक्का, राजा, राणी नकोच, आणि चार किंवा जास्त इस्पिकं असतील तर ती लहान असूनही अडकवतात. प्रत्येक रंगात मोठ्या पानाखाली दोन-तीन बारकी पानं हवीत. एकटा राजा हातात असेल तर तो पहिल्याच उतारीत उघडा पडतो. आणि भिडूची बोली चार-पाच तरी हवी. एक किंवा दोन बोललेला भिडू तुम्हाला कशाने झाकणार?

माझ्या पानांत धोका एकच होता, बदामची राणी. पण तिच्याखाली पंजी आणि दुर्री होत्या, आणि इस्पिकं दोनच असल्याने हुकुमाच्या तिसऱ्या फेरीत ती टाकून देता आली असती. निल सत्तरच्या आसपास जमेल असं मला वाटलं.

आता वही. आम्ही ३३८, म्हणजे आठ बॅगा. ते ४०४, चार बॅगा. त्यांची बोली सात, वहिनींची चार. मी निल बोललो तर बेरीज अकरा, म्हणजे दोन हात मोकळे. एक बोललो तर एकच हात मोकळा. वाटप संपल्यावर काय दिसेल ते असं:

| काय झालं | आम्ही | ते |
|---|---|---|
| निल जमला, वहिनींचे ४ हात | ४७८ | ४७६ |
| निल जमला, वहिनींचे ५ | ४७९ | ४७५ |
| निल जमला, वहिनींचे ६ | ३८० | ४७४ |
| निल फसला (माझा १, वहिनींचे ४) | २७९ | ४७५ |
| एक बोलून जोडीचे ५ हात | ३८८ | ४७५ |
| एक बोलून जोडीचे ६ | ३८९ | ४७४ |

तिसरी आणि पाचवी ओळ शेजारी ठेवून पाहा. निल जमूनही दहावी बॅग लागली तर आम्ही ९४ नी मागे. ‘सुरक्षित’ एक अगदी नेमका जमला तरी ८७ नी मागे. दोन्हीकडे त्यांना पुढच्या वाटपात तीन हातांची बोली पुरते, आणि चांगल्या जोडीला तीन हात सहज होतात. निल फसला तर आम्ही १९६ नी मागे, पण हरायचंच असेल तर ८७ नी हरलं काय आणि १९६ नी काय. एक बोलल्याने डाव वाचत नव्हता, फक्त हार लहान दिसत होती. वरच्या दोन ओळींत आम्ही बरोबरीला येत होतो, आणि त्या ओळी फक्त निलमध्येच होत्या. मी निल बोललो.

आतेभावाने पहिली उतारी बदामच्या अठ्ठीची केली. वहिनींनी एक्का टाकला, काकांनी चव्वी. इथे नवे खेळाडू हमखास दुर्री टाकतात, कारण लहान पान टाकणं हेच सुरक्षित वाटतं. मी राणी टाकली. भिडूचा एक्का वर असताना राणी काही केल्या हात करू शकत नव्हती. तिच्यातून सुटायची इतकी स्वस्त संधी पुन्हा आली नसती. हातात उरल्या पंजी आणि दुर्री, त्यांच्याकडे कोणी बघतही नाही.

त्यानंतर माझं काम जवळजवळ संपलं आणि वहिनींचं कठीण काम सुरू झालं. निल मोडायला निघालेले खेळाडू सारखी लहान पानं उतरतात, आणि झाकणाऱ्याला नको असलेले हातही घ्यावे लागतात. निल आणि बॅगा यांची गाठ पडते ती इथेच. दहा हातांनंतर वहिनींचे चार झाले होते, काका-आतेभावाचे मिळून सहा. वहिनींकडे उरली होती इस्पिकचा गुलाम, किलवरचा राजा आणि बदामची तिर्री. उतारी आतेभावाची.

त्याला बोली पुरी करायला एक हात हवा होता, म्हणून त्याने इस्पिकची राणी उतरली. वहिनींचा गुलाम तिच्याखाली गेला. मग त्याने इस्पिकची दश्शी उतरली. वहिनींकडे आता हुकूम नव्हता, त्यांनी तिच्यावर किलवरचा राजा फेकला. बाजूला बसलेल्या पोरांना ते पाहून हळहळ वाटली, पण त्या डावात तो राजा म्हणजे फक्त ओझं होता. शेवटी आतेभावाची बदाम नव्वी आणि वहिनींची तिर्री. वहिनींचे चारच राहिले. ४७८–४७६.

आतेभावाने आधी दश्शी उतरली असती तर वहिनींच्या एकुलत्या इस्पिकाला, गुलामाला, हात घ्यावाच लागला असता. ती नववी बॅग. मग उतारी वहिनींची, आणि राजा उतरला असता तर दहावीही लागू शकली असती. वहिनी तिर्रीच उतरल्या असत्या याची मला खात्री आहे, पण समोरच्याच्या बॅगा आठ झाल्या की आपला पक्का हात मागे ठेवून आधी त्याला हात घ्यायला लावायचं, हे त्या रात्री आतेभाऊ शिकला. पक्की राणी कुठे पळून जाणार नव्हती.

हीच पानं, पण वही उलटी असती तर? आम्ही ४३८, आठ बॅगा, ते ३०४. निल जमला आणि वहिनींचे चारच हात झाले तर ५७८ आणि डाव तिथेच संपला. फसला तर ३७९ किंवा तसंच काही, आणि ते ३७५ वर येऊन भिडलेले. एक बोलून पाच हात केले तर ४८८ विरुद्ध ३७५, आणि पुढच्या वाटपात दोन हातांची बोलीही पुरते. शिवाय एक बोलल्याने मोकळा हात एकच उरतो, म्हणजे सगळ्यांच्या बोल्या पुऱ्या झाल्या तर दहावी बॅग लागूच शकत नाही. तिथे मी सत्तर टक्क्यांच्या निलला हात लावणार नाही. एक बोलेन, राणीने एक हात मिळवायचा प्रयत्न करेन, आणि वहिनी तो उचलतील तरी चालेल, कारण एकची बोली जोडीची असते.

बसण्याआधी एक गोष्ट मात्र चौघांनी बोलून घ्यावी. निल फसल्यावर त्या खेळाडूचे हात भिडूच्या बोलीत धरायचे की नाही? बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, फक्त बॅगा म्हणून मोजतात, आणि वरचा तक्ता त्याच रिवाजाचा आहे. काही घरांत धरतात. तसं असेल तर फसलेल्या निलमध्ये भिडूची बोली निदान वाचते आणि निलची खात्री थोडी कमी असली तरी भागतं.