गेटला रंग लावून अकरा महिने झाले: महागडा प्रायमर हरला, ८० रुपयांची डिस्क जिंकली

आमचं घर साताऱ्यात, गोडोलीच्या बाजूला. गेटचं तोंड पश्चिमेला, म्हणजे पावसाची झड थेट त्याच्यावर येते. मार्च २०२४ मध्ये दोन झडपांचं लोखंडी गेट करून घेतलं. चौकट चौकोनी पाइपची, आत उभ्या सळया. रेड ऑक्साइड मारूनच ते वर्कशॉपमधून आलं, वर आम्ही चांगल्यातला काळा ऑइल पेंट दोन हात दिला. ऑगस्टमध्ये बघतो तर प्रत्येक सळईच्या बुडाशी तांबूस ओघळ, काही ठिकाणी रंगाला फुगे. पाच महिन्यांत!

फॅब्रिकेशनवाल्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, रंग हलका वापरला असणार." रंगाच्या दुकानात गेलो तर, "प्रायमरच हलका मारलाय त्यांनी." दोघांच्या मधे माझे पैसे गेले. गेट किलोवर घेतलेलं, जोड साफ करण्याचे वेगळे पैसे कुणी मागितले नव्हते आणि मलाही ते विचारायचं सुचलं नव्हतं. मी चिडून दुकानदाराचं ऐकलं आणि झिंक फॉस्फेट प्रायमरचा डबा आणला. रेड ऑक्साइडच्या जवळजवळ दुप्पट किंमत. त्याच्याबद्दल तेव्हा माझं मत फार चांगलं होतं, आणि ते पूर्ण चुकीचं होतं असंही नाही. साधं रेड ऑक्साइड मुख्यतः पाणी अडवणारा थर देतं, झिंक फॉस्फेट लोखंडाच्या पृष्ठभागावर गंज धरण्याची क्रियाच मंदावतं.

डिसेंबरात उजवी झडप घेतली. फुगलेला रंग खरवडला, हाताने वायर ब्रश मारला, पॉलिश पेपर फिरवला, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसलं आणि नवा प्रायमर दिला. जोड ब्रशने घासून चकचकीत दिसत होते, म्हणून पुढे बघितलं नाही.

डाव्या झडपेचा रंग खरवडताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक एका जोडाला जोरात लागलं आणि काळ्या काचेसारखी खपली टणकन उडाली. खाली ओलसर तपकिरी भुकटी. पुढचा जोड ठोकला, तिथंही तेच. हा वेल्डिंगचा स्लॅग. रॉडवरचं आवरण वितळून जोडावर जी खपली धरते, ती. गरम जोड निवेपर्यंत ती हवेपासून त्याला वाचवते, तेवढंच तिचं काम. नंतर चिपिंग हातोडीने ती पाडायची असते. आमच्या गेटवर ती तशीच ठेवून वर रेड ऑक्साइड मारलं होतं. म्हणजे प्रायमर लोखंडाला चिकटलाच नव्हता, काचेला चिकटला होता. उन्हात लोखंड जेवढं प्रसरण पावतं तेवढी ही खपली पावत नाही, वर गेट दिवसातून दहा वेळा आपटतं. तिला बारीक तडा गेला की पाणी खाली शिरतं, वाळायला जागा नसते, आणि मग खपलीसकट रंग उचलला जातो.

वायर ब्रशने हे कळत नाही, हा माझा सगळ्यात मोठा धडा. ब्रश स्लॅगला पाडत नाही, पॉलिश करतो. तो लोखंडासारखाच चमकायला लागतो. शेजारच्या काकांकडून चार इंची ग्राइंडर आणला आणि ६० नंबरची फ्लॅप डिस्क लावली, ८० रुपयांना एक. डिस्क फिरवल्यावर लोखंड पांढरं-करडं निघतं आणि स्लॅग राहिला असेल तर काळे ठिपके तसेच दिसतात. ते जाईपर्यंत हलक्या हाताने फिरवत राहायचं, दाबलं तर पातळ पाइप खाल्ला जातो. जोडाशेजारी उडालेले वेल्डिंगचे दाणेही याच वेळी काढायचे. दाण्याच्या टोकावर आणि धारेवर ओला रंग टिकत नाही, बाजूला ओढला जातो, आणि गंजाची सुरुवात नेमकी तिथून होते. डोळ्यांना गॉगल हवाच.

महाग प्रायमर उजव्या झडपेवर संपला होता आणि पुन्हा तेवढे पैसे घालायची माझी तयारी नव्हती. घरात रेड ऑक्साइडचा अर्धा डबा होता, तोच वापरला. आधी छोट्या ब्रशने फक्त जोड आणि धारा रंगवल्या, मग पूर्ण झडपेला एक हात. घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवलं नाही. डिसेंबरात इथं पहाटे चांगलं दव पडतं, त्यामुळे दव वाळल्यावर, अकराच्या सुमाराला सुरू करून चारच्या आत प्रायमर उरकला. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही झडपांना तोच काळा ऑइल पेंट, दोन हात, मधे एक रात्र सोडून.

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच सुरू झाला, म्हणजे परीक्षा लांबलचक झाली. दिवाळीत मी एकेक जोड मोजला. प्रत्येक झडपेत ११ सळया, म्हणजे २२ जोड आणि चौकटीचे चार कोपरे, एकूण २६. उजवीवर, महागड्या प्रायमरच्या बाजूला, ९ जोडांवर तांबूस डाग. त्यातले तीन खरवडून पाहिले, तिन्हीखाली काळी खपली. डावीवर फक्त एक, बिजागरीच्या मागे, जिथं डिस्क पोहोचत नाही. तिथं जुनं हॅकसॉ ब्लेड घालून खरवडायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं.

म्हणून झिंक फॉस्फेट वाईट असं मी म्हणणार नाही. स्वच्छ लोखंडावर तो रेड ऑक्साइडपेक्षा सरसच ठरेल. पण तो लोखंडाला लागला तरच काम करतो, आणि स्लॅगवर लावलेला कुठलाही प्रायमर सारखाच.

एका बाबतीत मात्र डाव्या झडपेनेही निराश केलं. तळाच्या आडव्या पाइपच्या मधोमध, जिथं एकही जोड नाही, तिथं रंगाला बारीक फोड आला. आधी वाटलं घासताना काही राहिलं. अण्णांनी पाइपवर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "आत पाणी आहे रे." कडीसाठी वरून पाडलेल्या भोकातून पाणी पाइपमध्ये जात होतं आणि तळाशी साचत होतं. गंज आतून बाहेर येत होता, बाहेरच्या रंगाचा त्यात काही दोष नव्हता. खालच्या बाजूने ६ मिमीचं भोक पाडल्यावर अर्धी वाटी तांबडं पाणी निघालं. फोडाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहिला, पत्रा अजून टणक आहे. टोक आत गेलं असतं तर तेवढा पाइप कापून नवा जोडावा लागला असता. उजव्या झडपेलाही तसंच भोक पाडलं आणि कडीच्या भोकाभोवती सिलिकॉन भरलं.

आता खिडक्यांच्या आठ ग्रिल करायच्या आहेत. या वेळी दुसऱ्या फॅब्रिकेशनवाल्याला आधीच सांगून ठेवलंय की रेड ऑक्साइड मारू नका, काळंच लोखंड द्या. स्लॅग पाडून, डिस्क मारून दाखवायचं, मी स्क्रू ड्रायव्हरने चार-पाच जोड ठोकून बघणार, मगच प्रायमर. त्याने किलोमागे पाच रुपये जास्त सांगितले. मी घासाघीस केली नाही. उजव्या झडपेचे ते ९ जोड येत्या रविवारी डिस्कने उघडे करतोय. डब्यात रेड ऑक्साइड तेवढं पुरेल.