मेसेज पाठवण्याआधी त्याचा सूर तपासायला तो मोठ्याने वाचावा की ज्यांना पाठवायचा त्या काकांच्या जागी बसून?

सोसायटीच्या थकबाकीसाठी माझा मसुदा होता: ‘तीनदा कळवूनही मेंटेनन्स आलेला नाही. कृपया नोंद घ्यावी.’

मोठ्याने वाचताना ‘कळवूनही’मधल्या ‘ही’वर आवाज आपोआप चढला. टोमणा तिथेच होता. ‘तीनदा कळवूनही’ काढून टाकलं. ‘कृपया नोंद घ्यावी’ मात्र मी मऊ सुरात वाचून गेलो. आपला आवाज शेवटी आपल्याच बाजूचा.

तासाभराने तोच मजकूर स्वतःला पाठवला आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका होऊन फोनवर वाचला. काकू दवाखान्यात, त्यात हे! ‘नोंद घ्यावी’ चक्क नोटिशीसारखं लागलं. मग लिहिलं: ‘काका, मार्चचा मेंटेनन्स राहिलाय. कधीपर्यंत जमेल?’

घाईत एकच जमणार असेल तर मी दुसरं करतो. पण वाक्यात जीभ कुठे अडखळते, ते पहिल्यातच कळतं.